तीस की सहा?

‘बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे. भिंगापासून १५ सेंटिमीटरवर एक वस्तू ठेवली आहे. तिची प्रतिमा कुठे मिळेल?’

हे उदाहरण मी दहावीच्या मुलांना वर्षानुवर्षे देत आलो आहे आणि वह्यांमध्ये मला हमखास दोन उत्तरे सापडतात. काही वह्यांत ३० सेंटिमीटर, काही वह्यांत ६. दोन्ही वह्यांत सूत्र बरोबर लिहिलेले असते, अपूर्णांकांची बेरीजही बिनचूक असते. फरक असतो तो एका वजा चिन्हाचा. सहा लिहिणाऱ्या मुलाला ‘चिन्ह चुकलं’ एवढेच सांगून वही परत दिली, तर पुढच्या उदाहरणात तो दुसरीकडे कुठेतरी चुकतो. कारण चिन्ह म्हणजे पाठ करायचा एक नियम, अशीच त्याची समजूत कायम राहते. ते वजा चिन्ह प्रकाशाबद्दल काय सांगते आहे, हे एकदा त्याच्या लक्षात आले की तो पुन्हा चुकत नाही. दहावीच्या घरांमध्ये हे उदाहरण आज ना उद्या येतेच, म्हणून ते इथे सावकाश सोडवू.

सूत्र असे आहे:

१/v − १/u = १/f

u म्हणजे भिंगापासून वस्तूचे अंतर, v म्हणजे प्रतिमेचे अंतर आणि f म्हणजे नाभीय अंतर. ही तीनही अंतरे भिंगाच्या मधोमध असलेल्या प्रकाशीय मध्यापासून मोजायची. मुख्य अक्षावर एक लांब फूटपट्टी ठेवली आहे आणि तिचा शून्य बरोबर प्रकाशीय मध्यावर आहे, असे समजा. प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. शून्याच्या उजवीकडची अंतरे धन, डावीकडची ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. यालाच पाठ्यपुस्तकात कार्टेशियन चिन्ह संकेत म्हणतात. देकार्तच्या अक्षांवरून हे नाव पडले आहे आणि आलेखाच्या कागदावर मुले जे शिकतात, त्यापेक्षा यात वेगळे काहीही नाही. बहिर्वक्र भिंग समांतर किरणांना पलीकडे, म्हणजे उजवीकडे एकत्र आणते, म्हणून त्याचे f धन. अंतर्वक्र भिंगातून समांतर किरण फाकत बाहेर पडतात आणि ते डावीकडच्या एका बिंदूतून आल्यासारखे वाटतात, म्हणून त्याचे f ऋण.

आता उदाहरण. वस्तू डावीकडे १५ सेंटिमीटरवर आहे, म्हणून u = −१५. भिंग बहिर्वक्र, म्हणून f = +१०. v माहीत नाही, म्हणून त्याला कोणतेही चिन्ह लावायचे नाही.

१/v = १/f + १/u = १/१० − १/१५ = ३/३० − २/३० = १/३०

म्हणून v = +३०. उत्तर धन आले, याचा अर्थ प्रतिमा भिंगाच्या उजवीकडे, ३० सेंटिमीटरवर आहे. तिथे पांढरा कागद धरला तर ती त्यावर उमटेल. ही वास्तव प्रतिमा. विशालन M = v/u = ३०/(−१५) = −२. ऋण चिन्ह सांगते की प्रतिमा उलटी आहे, दोन सांगतो की ती दुप्पट मोठी आहे.

मग सहा कुठून येतो? तो दोन वाटांनी येतो आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पहिली वाट म्हणजे चिन्ह विसरणे. u = +१५ घातले की १/v = १/१० + १/१५ = १/६. दुसरी वाट जास्त फसवी आहे आणि ती बऱ्याचदा घरातूनच येते. काही जुन्या पुस्तकांत वेगळा संकेत होता: वास्तव गोष्टींची अंतरे धन, आभासी गोष्टींची ऋण. त्या संकेतात सूत्र १/v + १/u = १/f असे आहे आणि त्यात u = +१५ घातले तर उत्तर ३०च येते. तो संकेतही बरोबरच आहे. पण आई किंवा बाबा आपल्या वेळचे सूत्र सांगतात, मूल त्यात आपल्या पुस्तकाप्रमाणे u = −१५ घालते आणि पुन्हा १/१० + १/१५ होऊन सहा येतो. सूत्रातल्या अधिकाने वास्तव वस्तूचा हिशेब आधीच केलेला असतो, मुलाने तो आकड्यात दुसऱ्यांदा केला. सूत्र आणि संकेत ही जोडी आहे, एक इथून आणि दुसरे तिथून घेता येत नाही. आरशाच्या धड्यातही १/v + १/u = १/f हेच सूत्र असते, त्यामुळे तेही इथे सहज घुसते. आरशात प्रकाश उलटा फिरतो आणि वास्तव प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, ऋण अंतरावर पडते. म्हणून तिथे सूत्राचे रूप वेगळे आहे, आणि विशालनाचेही.

सहा चूक आहे हे पुस्तकाच्या शेवटचे उत्तर न बघता ओळखता येते का? येते, आणि तेही आकडेमोड न करता. खूप दूरच्या वस्तूकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यांना हे भिंग १० सेंटिमीटरवर एकत्र आणते. १५ सेंटिमीटरवरच्या वस्तूकडून येणारे किरण मात्र भिंगाशी पोचतात तेव्हा फाकलेले असतात. भिंगाला आधी हे फाकणे मोडून काढावे लागते, मग उरलेल्या जोरावर किरण एकवटायचे. म्हणजे ते समांतर किरणांपेक्षा उशिरा, १० सेंटिमीटरच्या पलीकडेच भेटणार. वस्तूपासून थेट येणाऱ्या प्रकाशाची एकट्या बहिर्वक्र भिंगाने केलेली वास्तव प्रतिमा नाभीच्या अलीकडे पडूच शकत नाही. सहा हे उत्तर दिसताक्षणी पेन थांबायला हवे.

याच विचारातून सूत्राचे माझे आवडते वाचन निघते. ते असे मांडा:

१/v = १/u + १/f

उजवीकडचा १/u म्हणजे भिंगापाशी पोचताना प्रकाश कसा आहे ते. ऋण असेल तर फाकणारा, धन असेल तर एकवटणारा, शून्य असेल तर समांतर. १/f म्हणजे भिंगाने त्यात घातलेली भर. डावीकडचा १/v म्हणजे भिंगातून बाहेर पडताना प्रकाश कसा आहे ते. आपल्या उदाहरणात प्रकाश −१/१५ इतका फाकत आला, भिंगाने +१/१० इतके एकवटवले, हाती उरले +१/३०. चष्म्याच्या दुकानात आपण जो नंबर ऐकतो तो हाच १/f असतो, फक्त अंतर मीटरमध्ये घेतलेले. +२ नंबर म्हणजे नाभीय अंतर अर्धा मीटर आणि भिंग एकवटवणारे, −२ म्हणजे तेवढेच अंतर पण भिंग फाकवणारे. नंबरापुढचे अधिक आणि उणे हे आपल्या सूत्रातलेच अधिक आणि उणे आहेत.

आता तीच वस्तू भिंगाच्या आणखी जवळ, ६ सेंटिमीटरवर आणा. u = −६. प्रकाश −१/६ इतका फाकत येतो, भिंगाची भर +१/१०च आहे. १/६ हा १/१० पेक्षा मोठा आहे, म्हणजे भिंगाला हे फाकणे पुरते मोडता येणार नाही. पेन उचलण्याआधीच कळले की उत्तर ऋण येणार.

१/v = १/१० − १/६ = ३/३० − ५/३० = −२/३० = −१/१५

v = −१५. प्रतिमा डावीकडे, वस्तूच्याच बाजूला, १५ सेंटिमीटरवर. बाहेर पडलेले किरण फाकतच आहेत, ते कुठे भेटत नाहीत. ते मागे वाढवले तर जिथून आल्यासारखे वाटतात तिथे ही आभासी प्रतिमा. कागदावर ती येणार नाही, भिंगातून डोकावले तर दिसेल. M = (−१५)/(−६) = +२.५, म्हणजे सुलट आणि अडीचपट मोठी. पंचांगातली बारीक अक्षरे वाचायला आजोबा भिंग कागदाच्या जवळ धरतात, तेव्हा नेमके हेच घडत असते.

हुशार मुले चुकतात ती याच ठिकाणी. त्यांना आधीच ठाऊक असते की वस्तू नाभीच्या आत आहे, प्रतिमा आभासी येणार, आभासी प्रतिमेचे अंतर ऋण. मग ती सूत्रातच १/v ऐवजी −१/v लिहितात. आकडेमोड बरोबर होते, v = +१५ येते आणि त्या धन चिन्हावरून ती लिहितात, ‘प्रतिमा वास्तव’. जे ठाऊक होते त्याच्या नेमके उलट. v हे अक्षर आपले चिन्ह पोटात घेऊनच असते. त्याला बाहेरून आणखी एक लावले की त्याच गोष्टीचा हिशेब दोनदा होतो. चिन्ह लावायचे ते फक्त दिलेल्या आकड्यांना. ‘प्रतिमा पडद्यावर २० सेंटिमीटरवर मिळाली, वस्तू कुठे आहे’ असे उदाहरण असेल, तर तिथे v दिलेला आहे, म्हणून +२० लिहायचे आणि u ला हात लावायचा नाही.

एकाच सूत्राने इतके सगळे प्रकार सुटतात, हे आज आपण गृहीत धरतो. धूमकेतूमुळे सर्वांना माहीत असलेल्या एडमंड हॅलीने १६९३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये एक निबंध लिहिला. बीजगणिताच्या साहाय्याने कोणत्याही भिंगाचा केंद्रबिंदू एकाच नियमाने कसा काढता येतो, हे त्याने त्यात दाखवले. किरण फाकणारे असोत, एकवटणारे असोत वा समांतर, भिंग फुगीर असो वा खोलगट, नियम एकच. प्रकार बदलला की फक्त चिन्हे बदलायची. त्याचे सूत्र आजच्या रूपात नव्हते, त्यात भिंगाची जाडीही होती. पण एकेका प्रकारासाठी वेगळी भूमिती मांडण्याऐवजी चिन्हांवर काम सोपवायचे, हा आपल्या पाठ्यपुस्तकातला विचार तिथे स्पष्ट दिसतो.

हॅलीच्या यादीतल्या ‘एकवटणारे किरण’ या प्रकारात संकेताची खरी कसोटी लागते. वस्तूपासून निघालेला प्रकाश तर नेहमी फाकतच येतो, मग भिंगावर एकवटणारा प्रकाश पडेल कसा? दुसऱ्या भिंगाकडून आला तर पडेल. अकरावी-बारावीच्या वाटेवर हे उदाहरण भेटते आणि ‘u नेहमी ऋण’ असे पाठ केलेली मुले इथे अडखळतात.

आपल्या पहिल्या उदाहरणातली मांडणी तशीच ठेवू. वस्तू १५ सेंटिमीटरवर, भिंग १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे, प्रतिमा उजवीकडे ३० सेंटिमीटरवर. आता पहिल्या भिंगापासून २० सेंटिमीटरवर एक अंतर्वक्र भिंग ठेवा, त्याचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर. प्रतिमा आता कुठे पडेल?

किरण ३० सेंटिमीटरच्या खुणेवर भेटायला निघाले आहेत. वाटेत, भेटीच्या १० सेंटिमीटर आधी, त्यांना दुसरे भिंग लागते. इथे फूटपट्टी उचलायची आणि तिचा शून्य दुसऱ्या भिंगाच्या प्रकाशीय मध्यावर ठेवायचा. हे न करता u च्या जागी ३० लिहिणे ही या उदाहरणातली एक नेहमीची चूक. नव्या शून्यापासून किरणांची भेटीची जागा उजवीकडे १० सेंटिमीटरवर आहे. दुसऱ्या भिंगासाठी तीच वस्तू. ती तिथे प्रत्यक्षात नाही, किरण तिथवर पोचलेच नाहीत, म्हणून तिला आभासी वस्तू म्हणतात. पण अंतर उजवीकडचे आहे, म्हणून u = +१०. भिंग अंतर्वक्र, म्हणून f = −२०.

१/v = १/१० − १/२० = १/२०

v = +२०. प्रतिमा दुसऱ्या भिंगाच्या उजवीकडे २० सेंटिमीटरवर, म्हणजे पहिल्या भिंगापासून ४० सेंटिमीटरवर, आणि ती वास्तव आहे. अंतर्वक्र भिंगाची प्रतिमा नेहमी आभासीच असते, हे दहावीला शिकलेले वाक्य इथे लागू पडत नाही. ते वाक्य समोर ठेवलेल्या खऱ्या वस्तूपुरते खरे होते. इथे प्रकाश +१/१० इतका एकवटत आला, भिंगाने त्यातले १/२० काढून घेतले, तरी १/२० एकवटणे उरलेच. किरण भेटले, फक्त दहा सेंटिमीटर उशिरा. दुसऱ्या भिंगाचे विशालन २०/१० = +२, पहिल्याचे −२, दोन्ही मिळून −४. वस्तू १ सेंटिमीटर उंच असेल तर प्रतिमा ४ सेंटिमीटर उंच आणि उलटी.

सवयीने u = −१० लिहिले तर काय होते? १/v = −१/१० − १/२० = −३/२०, म्हणजे v सुमारे −६.७. प्रतिमा आभासी, डावीकडे, पडद्यावर न येणारी. पहिल्या उदाहरणात चुकीच्या चिन्हाने प्रतिमेची जागा चुकली होती, इथे प्रतिमेचा प्रकारच बदलला. तपासायची रीत मात्र तीच: भिंगाशी येणारा प्रकाश फाकतो आहे की एकवटतो आहे, एवढे चित्रात बघायचे. एकवटत असेल तर u धन.

याच मांडणीत अंतर्वक्र भिंग २० ऐवजी १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे घेतले तर १/v = १/१० − १/१० = ०. जेवढे एकवटणे आले तेवढेच भिंगाने काढून घेतले आणि किरण समांतर बाहेर पडले. निवांत डोळ्याला समांतर किरणच सोयीचे असतात. १६१०च्या जानेवारीत गॅलिलिओने ज्या दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले, तिची रचना या तत्त्वावर होती. पुढे बहिर्वक्र भिंग, डोळ्याशी अंतर्वक्र भिंग, आणि ते असे ठेवलेले की पुढच्या भिंगाने केलेली प्रतिमा बनण्याआधीच किरण अडवले जातात. ती दुर्बीण सोडवायला बसलात तर डोळ्याजवळच्या भिंगासाठी u धनच घ्यावा लागतो.

हे सूत्र पातळ भिंगांसाठी आणि अक्षाच्या जवळून जाणाऱ्या किरणांसाठी आहे. जाड, फुगीर भिंगात ‘मध्यापासून’ म्हणजे नेमके कुठून, इथेच काही मिलिमीटरचा घोळ होतो आणि कडेचे किरण थोडे वेगळीकडे भेटतात. तरीही घरच्या भिंगावर ते पुष्कळ बरोबर उतरते. आभासी वस्तूचे उदाहरण तर स्वयंपाकघराच्या ओट्यावरही करून बघता येते.

एक वाचायचे भिंग घ्या. दिवसा खिडकीपासून आत, जरा अंधाऱ्या बाजूला उभे राहा आणि बाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. सूर्याकडे मात्र भिंग धरू नका. प्रतिमा स्पष्ट झाली की भिंग आणि कागद यांतले अंतर मोजा, ते भिंगाचे नाभीय अंतर. ते २० सेंटिमीटर आले असे समजू. आता घरातला लघुदृष्टीचा, −२ नंबरचा चष्मा भिंग आणि कागद यांच्या बरोबर मध्ये धरा. चष्म्याला सिलिंडरचा नंबर नसेल तर उत्तम, नाहीतर प्रतिमा एका दिशेने पुसट राहते. चष्म्यासाठी u = +१०, f = −५०.

१/v = १/१० − १/५० = ४/५०, म्हणून v = +१२.५

कागद होता तिथेच ठेवला तर झाड पुसट होते. तो अडीच सेंटिमीटर मागे न्या, झाड पुन्हा स्पष्ट होते, आधीपेक्षा सव्वापट मोठे. u = −१० धरून गणित केले तर उत्तर सुमारे −८.३ येते, म्हणजे कागदावर काहीच दिसायला नको. तुमच्या भिंगाचे आणि चष्म्याचे आकडे वेगळे असतील. ते सूत्रात घाला, v आधी काढून कागदावर लिहून ठेवा आणि मगच पट्टीने मोजा.